फोटोखालची ओळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



विमानतळाच्या दारातला एक फोटो आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. पुढे सामानाची ढकलगाडी, तिच्यावर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या दोन मोठ्या बॅगा, मधोमध मुलगा किंवा मुलगी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, आणि मागे काचेचं दार. आत्या, मामा, शेजारचे काका असे पाचसहाजण कडेला दाटीवाटीनं उभे. सगळे हसताहेत. आणि फोटोखाली एक ओळ असते, ‘उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना. अभिमानाचा क्षण!’

त्या फोटोत सगळे हसतात याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे. मुंबईच्या विमानतळावर ज्याच्या हातात तिकीट आणि पासपोर्ट आहे तोच दारातून आत जातो. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान उभा असतो, तो कागद बघतो, चेहरा बघतो आणि एकट्या प्रवाशाला आत सोडतो. म्हणजे जो काही निरोप द्यायचा तो बाहेर, रस्त्याच्या कडेला. तिथंही गाडी फार वेळ थांबू देत नाहीत. पोलीस शिट्टी वाजवतो, ड्रायव्हर घाई करतो. साडेतीनशे किलोमीटर कुंडलहून आलेल्या माणसांच्या वाट्याला निरोपाची म्हणून दहाएक मिनिटं येतात. त्या दहांतली पहिली दोन फोटोची. रडायचं ते त्यानंतर. फोटो आधीचा असतो, एवढाच त्यातल्या हसण्याचा अर्थ.

मी कुंडलचा. पलूस तालुक्यातलं आमचं हे गाव. तीसेक वर्षं हायस्कूलात मराठी शिकवलं. मराठीच्या मास्तराला गावात निवृत्ती नसते. लग्नपत्रिकेवरच्या चार ओळी, सेवापूर्तीचं मानपत्र, श्रद्धांजलीचा मजकूर, कुस्तीच्या मैदानाचं निवेदन, सगळं आमच्याकडे येतं. गेल्या दहाबारा वर्षांत त्यात या एका नव्या प्रकाराची भर पडली. ‘सर, पोरगं बाहेरगावी... म्हणजे बाहेरदेशी चाललंय. फोटोखाली टाकायला दोन ओळी द्या की.’ तर आज त्या दोन ओळींबद्दल बोलणार आहे.

आमच्या भागाला माणसं पाठवण्याची सवय जुनी आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची किती कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर विखुरलेली आहेत, हे सांगलीकरांना सांगायला नको. चौदा-पंधरा वर्षांचं पोर नात्यातल्या कुणाच्या तरी हाताला धरून केरळात नाहीतर तमिळनाडूत जायचं, तिथं भट्टीपाशी बसून धातू गाळायला शिकायचं आणि यात्रेला गावी यायचं. त्या जाण्याचा फोटो नाही आणि त्याखाली ओळ नाही. एसटीच्या खिडकीतून हात हलला की निरोप झाला.

आणि परदेशी शिक्षणाचं म्हणाल, तर तेही आमच्या शिवेवरून फार पूर्वी झालं आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंगानं भरलेली माळरानाची जागा दिली आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वाडीतून १९२२ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला गेले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. १९२६ मध्ये यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. बोटीचा प्रवास, आणि पत्र पोचायला तीन-चार आठवडे. म्हणजे ‘तब्येत कशी आहे’ या प्रश्नाचं उत्तर दीडदोन महिन्यांनी. त्या घरात त्या दिवसांत आईवडिलांच्या मनात काय चाललं असेल ते मी माझ्या पदरचं सांगणार नाही. एवढं मात्र दिसतं, की तेव्हा जाणाऱ्याच्या जाण्याची ओळ जाण्याच्या दिवशी लिहायची गरज नव्हती. चार वर्षांनी माणूस काय शिकून आला ते बघून लोक बोलायचे. आता ओळ आधी लिहावी लागते. अडचण इथंच सुरू होते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. नावं सांगत नाही, घरचीच माणसं आहेत म्हणा. गावातलं द्राक्षबागायतदार कुटुंब. मुलगी सांगलीला यंत्र अभियांत्रिकीत पदवीधर झाली. दोन वर्षं नोकरी केली आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. २०२५ चा सप्टेंबर. जायच्या आदल्या आठवड्यात तिचे वडील वहीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यावर त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं:

‘क्रांतिकारकांच्या कुंडलची कन्या, आमची लाडकी लेक हिने उच्च शिक्षणासाठी आज सातासमुद्रापार गरुडझेप घेतली. आईवडिलांचे स्वप्न साकार झाले. सर्वांचे आशीर्वाद असू द्यावेत.’

मजकूर वाईट नव्हता. प्रतिसरकारचं गाव म्हटल्यावर क्रांतिकारक येणारच, ते आम्ही लग्नपत्रिकेतही आणतो. पण त्या कागदावर काय आहे यापेक्षा काय नाही हे मला जास्त दिसत होतं, कारण त्या घरातले गेले आठ महिने मी जवळून पाहिले होते.

त्या आठ महिन्यांचा हिशेब थोडक्यात असा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, त्यामुळे आमच्याकडे लोकांना वाटतं की फुकटच आहे. पण व्हिसा मागताना विद्यार्थ्याला एका बंदिस्त खात्यात वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच भरून दाखवावी लागते. मुलगी निघाली तेव्हा ती ११,९०४ युरो होती. म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर. तिथं पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ९९२ युरो तिच्या हातात येणार, त्यात खोलीभाडं, विमा आणि पोट. शिवाय तिकीट, कागदपत्रांची पडताळणी, थंडीचे कपडे. पंधरा लाखांचं कर्ज काढायचं ठरलं.

आता द्राक्षबागायतदाराला पंधरा लाखांचं कर्ज अवघड का जावं? दोन एकर बाग आहे, पाण्याची सोय आहे. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, शेतजमीन तारण चालणार नाही. वडिलांना तो अपमान वाटला. खरं तर त्यात अपमानाचं काही नाही, कायद्याची गोष्ट आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं मिळाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन अशी सहज जाऊ नये म्हणून केलेली ती सोय. पण तिची दुसरी बाजू अशी, की साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि तेव्हा शेतकऱ्याची सगळ्यात मोलाची वस्तू त्यांना नको असते. बिगरशेती प्लॉट हवा, शहरातलं घर हवं. गावठाणातल्या घराचे कागद सरळ निघाले तर निघाले. इथं ते चार भावांच्या नावावर होतं.

शेवटी मामा उभा राहिला. पलूसमधला त्याचा बिगरशेती प्लॉट त्यानं भाचीसाठी तारण दिला. दहा टक्के व्याज धरलं, तर पंधरा लाखांवर वर्षाला दीड लाख. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं सवलतीचं एक, अशी तीन वर्षं हप्ता नाही, पण व्याज चालू. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि मधे काही भरलं नाही, तर तीन वर्षांनी साडेएकोणीस लाख होतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला पंचवीस-सव्वीस हजारांचा हप्ता. मुलीला तिथं नोकरी लागली तर हा आकडा काहीच नाही. नाही लागली, तर तो बागेतून निघायला हवा, आणि फळछाटणीनंतर ऑक्टोबरात पाऊस लागला तर बागेचं काय होतं हे बागायतदारालाच विचारा.

हे सगळं ‘गरुडझेप’ या एका शब्दाच्या पोटात होतं.

वडिलांची इच्छा होती की खाली ‘मामांचे विशेष आभार’ लिहावं. मामानंच अडवलं. ‘दाजी, माझं नाव घालू नका,’ म्हणाला. प्लॉट तारण आहे हे त्याच्या भावांना ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या जाण्यामागची सगळ्यात मोठी गोष्ट त्या ओळीत येऊच शकत नव्हती. मी अशा पुष्कळ ओळी लिहून दिल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी असा कुणीतरी मामा बाहेर राहिलेला आहे.

आजीचं म्हणणं वेगळंच. ‘गुर्जी, काय बी लिवू नका. दिष्ट लागंल.’ मी म्हटलं, आजी, फोटो तर टाकणार आहेत. तर म्हणाली, ‘मग तीट लावून टाका म्हणावं.’

आजीचा राग आणखी एका गोष्टीवर होता. तिनं घरच्या तुपाची बरणी भरून ठेवली होती आणि साताऱ्याहून कंदी पेढे मागवले होते. दोन्ही बॅगेतून बाहेर काढावे लागले. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरच्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सापडले तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. तूप दुधाचंच. आजीला हे कुणी पटवून देऊ शकलं नाही. ‘तुपाला कसला आलाय कायदा?’ मग त्या जागी भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि घरचा बेदाणा गेला. प्रत्येक बॅग तेवीस किलोची. ज्वारी मोजायच्या तागडीवर आईनं बॅग तीनदा जोखली, चौथ्यांदा उघडून दोन पुस्तकं काढली आणि तापाच्या गोळ्यांची पाकिटं घातली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. घरातली काळजी बघायची असेल तर ती या बॅगेत बघावी. फोटोत ती दिसत नाही, पण फोटोतल्या ढकलगाडीवर ती बरोबर शेहेचाळीस किलो भरलेली असते.

तर तो कागद. मी वडिलांना म्हटलं, मुलीला वाचायला दिलाय का? नव्हता दिला. हे मी नेहमी विचारतो, आणि उत्तर बहुधा हेच येतं. आपल्याला वाटतं की ही ओळ गावासाठी आहे. काही अंशी आहेच. मुलीला एवढं शिकवून काय करणार असं बोललेले भाऊबंद ती वाचणार, ‘पोरीचं लग्न कधी?’ विचारणारे पाहुणे वाचणार, जामीन राहिलेला मामा वाचणार. पण सगळ्यात आधी, सगळ्यात सावकाश आणि पुन्हा पुन्हा ती कोण वाचतं? तपासणीच्या रांगा संपवून, आता मागं फिरायचं दार बंद झालेल्या ठिकाणी, विमानाची वाट बघत एकटी बसलेली ती मुलगी वाचते. तिच्या हातात दोन तास असतात आणि फोन असतो.

मुलीनं कागद वाचला. ती आमच्या शाळेचीच विद्यार्थिनी, स्पष्ट बोलणारी. म्हणाली, ‘सर, झेप घेतली असं कसं लिहायचं? मी अजून काहीच केलेलं नाही. आणि स्वप्न आईवडिलांचं साकार झालं म्हणता, मग मला तिथं नाही जमलं तर कुणाचं स्वप्न मोडलं म्हणायचं?’

वडील गप्प झाले. तिनं मग सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला मोजक्याच संधी असतात, साधारण तीन. तिसऱ्यांदाही गेली तर नुसतं वर्ष वाया जात नाही, तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्या देशात दुसऱ्या विद्यापीठातही तोच विषय पुन्हा घेता येत नाही. आपल्याकडे एटीकेटी घेऊन पुढं जायची सवय. तिला हे प्रवेश मिळाल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. घरच्यांनी कर्जाचा आकडा तिच्यापासून लपवला होता, तिनं परीक्षेचा नियम घरच्यांपासून. अभिमानाची ओळ लिहायला बसल्यावर दोन्ही बाहेर आलं.

आता या बाबतीत माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. निघण्याच्या दिवशी जेवढा मोठा शब्द लिहाल, तेवढं परत येणं अवघड होतं. ‘गरुडझेप’, ‘आकाशाला गवसणी’, ‘कुळाचं नाव सातासमुद्रापार’ असं लिहिलेल्या मुलाला सहा महिन्यांनी खोली मिळत नसेल, एखादा विषय डोक्यावरून जात असेल, थंडीत मन बसलं असेल, तर तो ते घरी सांगत नाही. त्या फोटोखाली तीनशे लोकांनी ‘अभिनंदन’ लिहिलेलं असतं. ते त्यानं वाचलेलं असतं. आईवडील काळजी झाकायला अभिमान वापरतात आणि मूल तोच अभिमान सांभाळायला आपली अडचण झाकतं. त्यामुळे मी मोठे शब्द काढतो. माझी फी म्हणा हवी तर.

त्या दिवशी आम्ही ‘गरुडझेप’ खोडलं आणि ‘निघाली’ लिहिलं. ‘सातासमुद्रापार’ही काढलं, मुंबईहून जर्मनीला जाताना विमानाखाली समुद्रापेक्षा जमीनच जास्त असते. क्रांतिकारकांना वडिलांनी सोडायला नकार दिला, पण मुलगीच म्हणाली, ‘पप्पा, पंपाचं शिकायला चाललेय मी,’ आणि ते हसले. किर्लोस्करवाडीच्या शेजारी वाढलेल्या मुलीनं पंपाचं शिकायला जावं यात तसं नवल नाही. लहानपणी ती विहिरीवर मोटर सुरू झाली की पाणी वर कसं येतं म्हणून भंडावून सोडायची. ते मी ओळीत घातलं.

मग एका शब्दावर अर्धा तास गेला. आईचं म्हणणं, ‘सुखरूप पोचू दे’ असं काहीतरी हवं. वडिलांना ते नको. ‘असं लिहिलं की लोकांना वाटतं आपण घाबरलोय.’ घाबरले तर होतेच. रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारताना मी त्यांना पाहिलं होतं. पण बापाला ते गावासमोर मांडायचं नव्हतं, आणि मुलीसमोर तर मुळीच नाही. मला यात खोटेपणा दिसत नाही. मुलगी एकटी बसून ती ओळ वाचणार, तिला तिथं बापाची भीती कशाला द्यायची? पण आईची काळजीही साफ गाळून टाकली की मुलीला ते कळतं. ओळीत जे अजिबात नाही तेच तिला वाचता येतं. तेव्हा काळजी अशा रूपात ठेवायची की तिचा काही उपयोग होईल. आईचंच एक वाक्य घेतलं. ओळ अशी झाली:

‘आमची लेक आज शिकायला जर्मनीला निघाली. मोटरीनं पाणी वर कसं येतं हे ती लहानपणापासून विचारत आली आहे. आता नीट शिकून घेईल. पोचल्याचा फोन आला की कळवतो.’

‘कळवतो’ या शब्दावर वडिलांची हरकत नव्हती. त्यात भीती नाही, माहिती आहे. आणि आईला हवं होतं ते त्यात आलं.

विद्यापीठाचं आणि शहराचं नाव मी मुद्दाम घातलं नाही, तेही सांगून ठेवतो. पुष्कळ लोक उत्साहानं बोर्डिंग पासचाच फोटो टाकतात. त्यावर नाव असतं आणि आरक्षणाचा क्रमांक असतो. एवढ्या दोन गोष्टींवर अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर कुणीही ते आरक्षण उघडू शकतं. पट्ट्यापट्ट्यांची जी खूण छापलेली असते, तिच्यातही तीच माहिती असते, म्हणून आकडा बोटानं झाकून भागत नाही. दुसरं म्हणजे फसवणुकीचे फोन. ‘तुमची मुलगी इथं पोलिसांच्या ताब्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असे फोन परदेशी शिकणाऱ्यांच्या आईबापांना येतात. मुलीचं नाव, शहर, कॉलेज आणि बापाचा नंबर ही सगळी सामग्री आपणच फोटोखाली आणि गावातल्या फलकावर छापून दिली, तर त्या फोनवर विश्वास बसायला काय उशीर? या घरानं एक साधी गोष्ट केली. बापलेकीनं एक प्रश्न ठरवला. असा फोन आलाच, तर तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही. प्रश्न काय ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

शिवाय घरात एका वहीत चार गोष्टी उतरवून ठेवल्या. खोलीचा पूर्ण पत्ता, विम्याचा क्रमांक, तिथल्या एका मैत्रिणीचा नंबर आणि बर्लिनमधल्या भारतीय दूतावासाचा. आईला ती वही फोटोपेक्षा जास्त प्रिय आहे.

निघाले ते पहाटे. कराड, सातारा, खंबाटकीचा घाट, पुणे, मुंबई. दारात फोटो झाला. मामा फोटोत आहे, अगदी कडेला, अर्धा खांदा कापलेला. मुलगी आत गेली, काचेतून दिसेनाशी झाली, आणि परतीच्या वाटेवर वडिलांनी गाडीतूनच फोटो टाकला, ओळीसकट. गाडी पुण्याच्या पुढं येईपर्यंत अभिनंदनाची रीघ लागली. वडील एकेकाला धन्यवाद लिहीत होते.

आई मात्र प्रतिक्रिया वाचत नव्हती. फोनवरच्या त्या स्टेटसचं एक असं आहे, की ते कुणी कुणी पाहिलं याची यादी खाली दिसते. चोवीस तासांनी ते स्टेटस निघून जातं, तोवर यादी वाढत राहते. आई ती यादी उघडायची, वरपासून खालपर्यंत बघायची, मिटायची. विमान उडण्याआधी मुलीचं नाव त्यात आलेलं होतं, म्हणजे तिनं वाचलं होतं. त्यानंतर आईनं पाठवलेल्या संदेशापुढं एकच बारीक खूण. एक खूण म्हणजे पाठवला आहे, पोचलेला नाही. नऊएक तासांचा प्रवास. गाडी कुंडलला पोचली, आजीनं भाकरी वाढली, कुणी नीट जेवलं नाही, आणि एकाची दोन खुणा झाल्या तेव्हा आई ताटावरूनच उठली. फोन त्यानंतर पाऊण तासानं आला. आवाज तुटत होता. ‘पोचले’ एवढंच नीट ऐकू आलं.

वडिलांनी कबूल केल्याप्रमाणे कळवलं. दुसरं स्टेटस, फोटो नाही, एकच शब्द: ‘पोचली.’ पहिल्या ओळीपेक्षा ते जास्त लोकांनी पाहिलं. गावातली दोन माणसं तर सकाळी घरी येऊन विचारून गेली. ‘कळवतो म्हणाला होतात, म्हणून वाट बघत होतो.’

मुलीचं आता बरं चाललं आहे. पहिल्या सत्रात एक विषय राहिला होता. हे तिनं स्वतःहून फोनवर सांगितलं, त्याच संध्याकाळी. घरात दोन दिवस थोडी शांतता होती, मग पुढच्या परीक्षेची तारीख विचारून वहीत लिहिली गेली. तो विषय पुढं सुटला.

एक गंमत सांगायची राहिली. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते आणखी एक तास मागं जातं. मुलगी रोज तिच्या सातला फोन करायची, म्हणजे आपल्या साडेदहाला. त्या रविवारी साडेदहा वाजले, फोन नाही. अकरा वाजले, नाही. घड्याळ बदलायची गोष्ट तिनं सांगितली होती, पण ती कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. साडेअकराला फोन आला, नेहमीसारखा, तिकडं सातच वाजले होते. आई फोनवर काही बोलली नाही. बोलणं संपल्यावर वडील अंगणातून आत आले. आईनं विचारलं, एवढ्या रात्री बाहेर काय करत होता? तर म्हणाले, ‘रानात लाईट रात्रीची आहे ना, मोटर बघायला जायचं होतं, म्हणून जागाच होतो.’

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती.